दहा सेंटिमीटर पुढे सरकलं तर?

रविवार, रात्रीचे अकरा

दुपारी भाची दहावीचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन आली. अपवर्तनाचा धडा. काचेच्या लादीचा प्रयोग शाळेत झालेला, टाचण्या टोचून, कोन मोजून. स्नेलचा नियम तोंडपाठ: प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना वळतो, तेव्हा दोन्हीकडच्या कोनांच्या साइनचं गुणोत्तर स्थिर राहतं. पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "मावशी, पण साइनच का? कोनांचंच गुणोत्तर स्थिर का नाही?"

बारावीच्या वर्गात मी हे दरवर्षी फळ्यावर सोडवते. वेळेचं सूत्र मांडायचं, अवकलन करायचं, शून्याबरोबर ठेवायचं. चार ओळींत उत्तर. पण तिला अवकलन अजून यायचंय. त्यामुळे ते हत्यार बाजूला ठेवून बसावं लागलं, आणि त्यातूनच आजची दुपार सार्थकी लागली.

आलेखाचा कागद घेतला आणि मधोमध एक आडवी रेघ मारली. ही पाण्याची कड. अलीकडे वाळू, पलीकडे समुद्र. जीवरक्षक कडेपासून 30 मीटर आत वाळूत उभा. बुडणारा माणूस कडेपासून 20 मीटर समुद्रात, आणि किनाऱ्याच्या दिशेने मोजलं तर 50 मीटर उजवीकडे. जीवरक्षक वाळूत सेकंदाला 6 मीटर धावतो, पाण्यात सेकंदाला दीड मीटर पोहतो. त्याने पाण्यात कुठे शिरावं?

तिने लगेच पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. ही रेघ कडेला, जीवरक्षकाच्या अगदी समोरून मोजलं तर, 30 मीटरवर छेदते. वाळूत 42.4 मीटर, पाण्यात 28.3 मीटर. वेळ काढला तर 25.9 सेकंद. मग तिचं तिलाच सुचलं, पोहणं इतकं सावकाश आहे तर पाण्यात कमीत कमी राहावं; म्हणजे 50 मीटरपर्यंत धावत जायचं आणि माणसाच्या अगदी समोरून आत शिरायचं. तो वेळ 23.05 सेकंद. जवळजवळ तीन सेकंद वाचले! तिला वाटलं, झालं.

मी म्हटलं, थांब. आता या 50 मीटरच्या जागेवरून फक्त 10 सेंटिमीटर मागे ये. वाळूत किती वाचलं, पाण्यात किती वाढलं?

इथे आम्ही बराच वेळ रेंगाळलो, कारण सगळं मर्म याच जागी आहे. शिरण्याची जागा 10 सेंटिमीटर पुढे सरकवली की वाळूतली रेघ किंचित लांबते. किती? जुन्या जागेवरून नव्या रेघेवर लंब टाकायचा. त्या लंबाच्या पायथ्यापर्यंत दोन्ही रेघा जवळपास सारख्याच लांबीच्या; पायथ्यापासून पुढचा तुकडा ही खरी वाढ. एक चिमुकला काटकोन त्रिकोण तयार होतो: कर्ण 10 सेंटिमीटरचा, आणि वाढीचा तुकडा ही त्याची एक बाजू. तिच्यासमोरचा कोन कोणता, हे तिने पेन्सिलीने गिरवत शोधलं. धावण्याची रेघ स्तंभिकेशी, म्हणजे कडेला काटकोनात असलेल्या रेघेशी, जो कोन करते, तोच. म्हणजे वाढ = 10 गुणिले त्या कोनाचं साइन. जागा सरकल्याने अंतर किती बदलतं याचा हिशेब करताना साइन आपसूक येतो. तिच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या इवल्याशा त्रिकोणात होतं.

पाण्याच्या बाजूला असाच त्रिकोण, फक्त तिथे अंतर घटतं. मागे सरकलं की दोन्हीकडे उलट. मग आकडे घातले. 50 मीटरवरून 10 सेंटिमीटर मागे आलं की वाळूत साडेआठ सेंटिमीटर वाचतात, म्हणजे सेकंदाचे 14 सहस्रांश. पाण्यात वाढ जवळजवळ शून्य, कारण तिथे रेघ कडेला काटकोनात आहे. निव्वळ फायदा, मागे यायलाच हवं. उलट 30 मीटरवरून 10 सेंटिमीटर पुढे गेलं तर वाळूत 12 सहस्रांश खर्च आणि पाण्यात 47 सहस्रांश बचत. पुढे जायलाच हवं. म्हणजे उत्तर या दोघांच्या मधे कुठेतरी, जिथे एक पाऊल सरकल्याने होणारा खर्च आणि बचत बरोबरीत सुटतात. θ₁ आणि v₁ हे वाळूतले कोन आणि वेग, θ₂ आणि v₂ पाण्यातले:

sin θ₁ / v₁ = sin θ₂ / v₂

हाच स्नेलचा नियम. आमच्या आकड्यांत जागा निघाली 45.7 मीटर. तिथे 10 सेंटिमीटरला वाळूत 8.4 सेंटिमीटर वाढ, पाण्यात 2.1 सेंटिमीटर घट. दोन्हींचा वेळ 14 सहस्रांश सेकंद. एकूण वेळ 22.75 सेकंद.

मधे तिचं एकदा चुकलं. कोन स्तंभिकेऐवजी पाण्याच्या कडेपासून मोजला आणि साइनच्या जागी कोसाइन हवं असं आलं. हे पकडायची सोपी खूण मी तिला सांगितली: काटकोनात सरळ आत शिरणारा किरण वळत नाही, मग त्याचा कोन शून्य यायला हवा. कडेपासून मोजलं तर तो 90 येतो.

मग तिने तोच प्रश्न विचारला जो मला हवा होता. "जीवरक्षकाला डोकं आहे. प्रकाशाला आधीच कसं कळतं?"

फ्रेंच गणिती फर्माने 1662 मध्ये, प्रकाशही जीवरक्षकासारखीच कमीत कमी वेळेची वाट धरतो या तत्त्वावरून हा नियम काढला, तेव्हा तत्त्वज्ञ देकार्तच्या बाजूच्या क्लेर्सेलियेने हाच आक्षेप घेतला होता. देकार्तच्या मते घन माध्यमात प्रकाश जास्त वेगाने जायला हवा होता, फर्माच्या मांडणीत कमी. 1850 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फूकोने पाण्यात प्रकाश हवेपेक्षा सावकाश जातो हे दाखवलं. पण आक्षेपाला उत्तर त्याने मिळत नाही.

उत्तर आम्ही काढलेल्या वेळांतच होतं. 45 मीटरवर वेळ 22.758, 46 वर 22.750. मीटरभर सरकूनही सेकंदाचे 8 सहस्रांशच बदलतात. 30 मीटरपाशी तेवढंच सरकलं तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त सेकंद बदलतो. उत्तराच्या आसपास वेळेचा आलेख जवळजवळ सपाट आहे. प्रकाश ही लाट आहे आणि ती सगळ्या वाटांनी पसरते. इतर ठिकाणी शेजारशेजारच्या वाटांनी आलेल्या लाटा वेगवेगळ्या वेळी पोचतात, शिखरावर दरी पडते आणि एकमेकींना पुसून टाकतात. सपाट जागेवरच्या शेजारणी मात्र एकाच वेळी पोचतात आणि बळ धरतात. आधी काही कळावं लागत नाही. म्हणूनच 'सर्वात कमी' हा शब्दही पूर्ण बरोबर नाही. आलेख सपाट असणं महत्त्वाचं. काही खोलगट आरशांत प्रकाशाची वाट शेजारच्या वाटांपेक्षा जास्त वेळाचीही असते.

चहा झाल्यावर तिने स्वतःच नवा कागद घेतला. वाळू आणि पाणी यांच्यामधे ओल्या वाळूचे तीन पट्टे काढले, प्रत्येकात धावण्याचा वेग वेगळा धरला आणि प्रत्येक रेघेशी तेच समीकरण लिहित गेली. साइन भागिले वेग ही संख्या सगळ्या पट्ट्यांत एकच राहते हे तिने पाचव्या मिनिटाला पाहिलं. पट्टे आणखी बारीक केले तर वाट मोडत जाण्याऐवजी वाकत जाईल का, म्हणाली. मी तिला मे महिन्यातला तापलेला डांबरी रस्ता आठवायला सांगितला. डांबरालगतची हवा जास्त तापून विरळ झालेली, तिथे प्रकाश किंचित जास्त वेगाने जातो, आणि आभाळाकडून आलेला किरण वाकून पुन्हा वर डोळ्यात येतो. दूरवर रस्ता ओला दिसतो तो त्यामुळे. तिने सगळ्यात खाली एक पट्टा वाढवला, वेग सर्वांत जास्त धरला आणि साइनची किंमत काढली. ती एकापेक्षा मोठी आली.

"मावशी, असा कोनच नसतो. मग किरण खाली जाणार कसा?"

जाणारच नाही, तिथूनच तो वर वळतो. कागद तिने वहीत घालून नेला.