स्टेटसचा कॉलम माझ्या शीटमध्ये नाही, आणि का नाही

"ताई, तुमची ऑर्डरची शीट पाठवा ना. कॉलम कोणते ठेवायचे तेवढं सांगा. आणि त्यात स्टेटस का नाही?"

शीट पाठवते, पण दोन दिवसांत तुम्ही त्यात स्टेटसचा कॉलम घालणार, हे मला माहीत आहे. सगळेच घालतात. मीही घातला होता, रंगीत ड्रॉपडाउनसकट. तेव्हाची मी आजही वाद घालते की एका नजरेत सगळं कळतं. कळतंच. पण एका चौकटीत एकच गोष्ट मावते. 'पैसे आले' पुसून 'परत' लिहिलं की पैसे आले होते की नव्हते, हे शीट विसरते. म्हणून स्टेटसच्या जागी तारखा आणि रकमा.

एका वस्तूला एक ओळ. एका ऑर्डरला एक ओळ नव्हे. A ऑर्डर नंबर, B कस्टमर, C वस्तू, D येणं, E रवाना केल्याची तारीख, F ट्रॅकिंग नंबर. इथपर्यंत कुणाचंच चुकत नाही. खरं काम पुढच्या पाचांत आहे: G खात्यात प्रत्यक्ष जमा, H त्या जमेचा संदर्भ क्रमांक, I कुरियरने कापलेले, J वस्तू माझ्या हातात परत आली ती तारीख, K कस्टमरला परत दिलेले. शेवटी L, म्हणजे बाकी:

```
=IF(J2="",D2,0)-G2-I2+K2
```

L शून्य आला तर ओळ मिटली. अधिक असेल तर मला कुणाकडून तरी येणं आहे, उणे असेल तर मी कुणाचं तरी देणं लागते.

आता ते प्रकरण. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर, नंबर ११८, दोन वस्तू, ९०० आणि ६००. कुरियरने १५०० घेतले, १०० कापले आणि बाकीचे इतर ऑर्डरींच्या पैशांबरोबर एकगठ्ठा खात्यात टाकले. मी ते वस्तूंवर वाटून लिहिले: ८४० जमा ६० कापले, ५६० जमा ४० कापले. दोन्ही ओळी शून्य. (गठ्ठा बरोबर आहे का ते असं पाहायचं, अवतरणचिन्हांत त्या गठ्ठ्याचा स्वतःचा संदर्भ क्रमांक घालायचा, आणि आलेला आकडा बँकेच्या नोंदीशी जुळलाच पाहिजे.)

```
=SUMIF(H:H,"संदर्भ क्रमांक",G:G)
```

मग कस्टमरने ६०० वाली वस्तू परत पाठवली. कुरियरच्या पानावर 'डिलिव्हर्ड' असं आलं. माझ्या घरात पार्सल नाही. शेजारी नाही, जिन्यात नाही. कुरियरवाले म्हणाले, सही आहे. सही कुणाची, ते दाखवेनात. इकडे कस्टमर रोज पानाचा फोटो पाठवत होती: "तुम्हाला मिळालंय, माझे पैसे द्या." तिचं काय चुकलं? तिच्यापुरतं तिने पाठवलं होतं. माझंही काय चुकलं, हे मला आजही कुणी सांगितलेलं नाही. मी ६०० परत दिले. हे देणं मला तेव्हा परवडणारं नव्हतं, एवढं सांगते.

पण J रिकामा ठेवला. तो कुरियरच्या पानावरून भरायचा नाही. खोका फोडून वस्तू पाहिल्यावरच भरायचा. त्यामुळे हिशेब असा झाला: ६०० वजा ५६० वजा ४० अधिक ६००. बाकी ६००, आणि ती कुरियरकडून. स्टेटस असता तर तिथे 'परत' लिहून ओळ मिटली असती आणि मी ती पुन्हा उघडून पाहिलीही नसती. ओळ तशीच उघडी राहिली म्हणून मी मागे लागले. तारखा आणि ट्रॅकिंग नंबर लिहून तक्रार दिली. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर ४५० मिळाले.

ते ४५० जुन्या ओळीत मिळवले नाहीत, कारण त्यांचा संदर्भ वेगळा. तोच ऑर्डर नंबर घालून नवी ओळ, येणं शून्य, जमा ४५०. तिची बाकी उणे ४५०. दोन ओळी मिळून १५०.

कस्टमरने पार्सल घेतलंच नाही, तर? J भरायचा. कुरियरने तरीही ४० कापले असतील तर G मध्ये उणे ४० आणि I मध्ये ४०. बाकी शून्य येते आणि तोटाही दिसतो.

बदलून दिलेल्या वस्तूचं मात्र मला अजून नीट जमलेलं नाही. नवी ओळ घालते, येणं शून्य ठेवते, पण जुनी वस्तू परत आली की तिच्या ओळीत उणे बाकी दिसत राहते. कुणी चांगली रीत काढली असेल तर मला हवी आहे.

आणि ते १५० अजून तसेच आहेत. नवरा म्हणतो, खोडून टाक. हिशेब बघणारी मैत्रीण म्हणते, तोट्यात लिही. मी अजून काहीच केलेलं नाही.