दोन कासरे आणि एक गुणसूत्र

“सर, उत्क्रांतीवरचं असं पुस्तक सांगा, की जे विज्ञान स्वच्छ समजावेल, पण माळकरी माणसाला मूर्ख ठरवणार नाही.”

फ्रान्सिस कॉलिन्स यांचं ‘द लँग्वेज ऑफ गॉड’, २००६ सालचं. माणसाचा डीएनए अक्षर न् अक्षर वाचणाऱ्या ‘ह्यूमन जीनोम प्रोजेक्ट’चे ते प्रमुख होते, आणि श्रद्धावान ख्रिस्तीही. पण ते श्रद्धावान आहेत म्हणून मी हे पुस्तक देत नाही. पुरावा वाचणाऱ्याच्या हातात ठेवतात, म्हणून देतो.

आधी एकदा माझी चूक झाली होती. सांगलीत बारावीला जीवशास्त्र शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. एका विद्यार्थिनीचे वडील, वाळवा तालुक्यातले ऊस बागायतदार, दरवर्षी वारीला जाणारे. त्यांना मी दुसरंच एक पुस्तक दिलं. मुलगी वाचून मराठीत सांगायची. आठवड्यात पुस्तक परत आलं. “ह्यात आमाला शिव्या हायत सर, माहिती कुठाय?” मी पहिलं प्रकरण पुन्हा वाचलं. त्यांचं खरं होतं. पुरावा एकही नव्हता, श्रद्धाळूंची टर मात्र पानोपानी होती.

मग कॉलिन्सच्या पुस्तकातला एकच मुद्दा घेऊन मी त्यांच्या अंगणात बसलो. पुस्तकात तो थोडक्यात आहे, मी जरा उलगडून सांगितला. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात २४. आपला आणि त्यांचा पूर्वज एकच असेल, तर एक जोडी गेली कुठे? शेकडो जनुकं असलेली अख्खी जोडी हरवली तर जीव जगणारच नाही. तेव्हा आपल्या वंशात कधीतरी दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जुळली असणार. तसं झालं असेल तर सांधा सापडायला हवा.

गोठ्यात कासरे टांगलेले होते. कासऱ्याची टोकं उसवू नयेत म्हणून गाठ मारतात, तसं गुणसूत्राच्या टोकांनाही संरक्षण असतं. त्याला टेलोमिअर म्हणतात. तिथे टी-टी-ए-जी-जी-जी ही सहा अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. दोन कासरे टोकाला टोक लावून जोडले, तर टोकाच्या गाठी भलत्याच जागी, मधे दिसतील. आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात नेमकं तेच आहे. १९९१ साली तो सांधा वाचला गेला. ही सहा अक्षरं ओळीने येतात आणि एका बिंदूपाशी उलटून सी-सी-सी-टी-ए-ए होतात. म्हणजे तोच शब्द, पण समोरच्या टोकाकडून आलेला.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पर पेशी दुभंगताना गुणसूत्र मधनं धरून वढतात, असं पोरगी सांगत हुती. मग ह्या जोडलेल्यात धरायच्या जागा दोन पायजेत.”

त्या जागेला सेंट्रोमिअर म्हणतात. मी त्याबद्दल अजून अवाक्षरही बोललो नव्हतो. दोन जागा खरंच आहेत. एक काम करते, दुसरीचे फक्त अवशेष उरलेत, आणि चिंपांझीच्या दोन सुट्या गुणसूत्रांशी ताडून पाहिलं तर जिथे असायला हव्यात तिथेच त्या सापडतात.

या पुराव्याची मर्यादाही मी त्यांना सांगितली. सांध्यातली अक्षरं आज बरीच झिजलेली आहेत. शाबूत टेलोमिअरशी तुलना केली तर ओळ आखूड आणि चुकांनी भरलेली दिसते, आणि आक्षेप घेणारे त्यावर बोट ठेवतात. पण टोक म्हणून ज्याचं काम संपलं, त्यातल्या चुका नैसर्गिक निवडीतून गाळल्या जात नाहीत, त्या साठत जातात. दुसरं असं, की गुणसूत्रं जुळली म्हणून आपण माणूस झालो, असं यातून निघत नाही. आजच्या चिंपांझीपासून आपण आलो असंही नाही. समान पूर्वज होता, एवढंच निघतं.

पुस्तकातलं काय जपून वाचावं, तेही सांगतो. डीएनएमधल्या पुनरावृत्त तुकड्यांना निकामी धरून कॉलिन्स एका ठिकाणी युक्तिवाद करतात. त्यानंतर अशा काही तुकड्यांना काम असल्याचं आढळलंय. ते तुकडे माणसात आणि इतर सस्तन प्राण्यांत त्याच जागी सापडतात, हा मुद्दा मात्र टिकतो. शेवटाकडचा भाग त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेचा आहे. तो अमेरिकी वादातून आलेला आहे आणि वारकऱ्याला परका वाटेल. विज्ञानासाठी आलेल्याने तो सोडला तरी काही बिघडत नाही.

देवाचा विषयच नको असेल तर जीवाश्मतज्ज्ञ नील शुबिन यांचं ‘युअर इनर फिश’ घ्या. पाण्यातून जमिनीवर येण्याच्या टप्प्यावरचा मासा कुठल्या वयाच्या खडकात असेल, हे आधी ठरवून शुबिन आणि त्यांचे सहकारी आर्क्टिकमध्ये गेले आणि २००४ साली त्यांना टिक्टालिक सापडला. सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या पुढच्या परांमध्ये मनगटासारखी हाडं आहेत.

बागायतदारांनी हे दुसरं पुस्तक मागून घेतलं. मनगटाच्या चित्राशी मुलीने खूण घातली होती, आणि पुस्तक परत द्यायला आले तेव्हा त्यांनी ते पान उघडून आपला हात शेजारी ठेवला.