अण्णांना तीन लाख आणि बापूंना शून्य

आमच्या ऑफिसला सांगलीतली एक फर्म आहे, मोटर-पंप आणि पाईपचं दुकान, दोघे सख्खे भाऊ पार्टनर, नफ्याचा रेशो ३:२. थोरले अण्णा, धाकटे बापू. बहिणीचा मुलगा बरीच वर्षं दुकानात राबत होता, त्याला आता पार्टनर करून घ्यायचं ठरलं. नवीन पार्टनर घ्यायला सगळ्या जुन्या पार्टनरची संमती लागते (१९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ३१), पण इथं तो प्रश्नच नव्हता, घरातलाच पोरगा. भाच्याला पाचवा हिस्सा आणि अण्णांनी स्वतःच सांगितलेलं की आता मला गुडघ्यामुळं दुकानात बसवत नाही, बापू आणि मी सारखेच घेऊ. म्हणजे नवीन रेशो २:२:१.

गुडविल म्हणजे दुकानाच्या नावाची, जमलेल्या धंद्याची किंमत, ती काढायला मागच्या तीन वर्षांचा नफा घेतला, ६.८० लाख, ७.२० लाख आणि ९.४० लाख. शेवटचा आकडा बघून सगळे खूष, पण त्यात जुना टेंपो विकल्याचे ९० हजार होते. टेंपो काय दरवर्षी विकणार नाही, म्हणून ते काढले, राहिले ८.५०. तिन्हीची सरासरी साडेसात लाख, दोन वर्षांची खरेदी धरायची, म्हणजे सरासरीची दुप्पट करायची असं ठरलेलं, म्हणून गुडविल १५ लाख. दोघा भावांचा पगार आधीच खर्चात पडलेला होता म्हणून बरं, नाहीतर त्यांच्या मेहनतीचे पैसे पण नफ्यात मोजले जातात आणि गुडविल उगाच फुगतं. भाच्याच्या पाचव्या हिश्श्याचे तीन लाख. भांडवलाचे पाच वेगळे, असे आठ लाख तो आणणार.

इथपर्यंत चहा पिऊन झाला. मग मी ड्राफ्ट फिरवला आणि बापूंची नजर एका ओळीवर अडकली, तीन लाख थोरल्यांच्या कॅपिटल खात्याला जमा, त्यांच्या नावासमोर काहीच नाही. "अहो, आमचा रेशो ३:२ आहे ना? मग माझे एक लाख वीस हजार कुठं गेले?" आवाज चढला तसा भाचा खाली मान घालून बसला, दोन मामांच्या मधे त्याचं काय चालणार.

बरेच जण इथंच घसरतात. जुना रेशो म्हणजे गुडविलची वाटणी असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण नवा माणूस हे पैसे देतो ते पुढच्या नफ्यातला वाटा मिळणार म्हणून, तेव्हा तो वाटा ज्यानं सोडला त्यालाच ते मिळणार. जुन्यातून नवा वजा करायचा, झाला सॅक्रिफाइस रेशो. अण्णा ३/५ वरून २/५ वर आले, सोडला १/५. बापू २/५ होते, २/५ च राहिले. त्यांनी सोडलंच काय?

अपूर्णांक काही त्यांना पटेनात, मग मी एका जुन्या बिलाच्या मागं रुपयांत मांडलं. नफा साडेसात लाख धरला तर अण्णांना आजपर्यंत साडेचार मिळायचे, आता तीन मिळणार. वर्षाला दीड लाख गेले, दोन वर्षांचे तीन लाख, आणि भाचा बरोबर तेवढेच आणतोय. बापूंना आधी पण तीन, नंतर पण तीन.

बापू म्हणाले, "मग आमचा आपसातला रेशो ३:२ च ठेवा की." म्हणलं ठेवू, त्याचं पण गणित बघा. भाच्याचा पाचवा काढून राहिलेल्या चार हिश्श्यांचे ३:२ केले तर नवीन रेशो १२:८:५ होतो, सॅक्रिफाइस ३:२ येतं आणि तुम्हाला आत्ता एक लाख वीस हजार मिळतात. पण हिस्सा ४० टक्क्यांवरून ३२ वर, म्हणजे तीनाचे दोन लाख चाळीस हजार, वर्षाला साठ हजार कमी, आणि ते दोनच वर्षं नाही तर फर्म चालेल तोवर. बापूंनी बिल उलटंसुलटं करून बघितलं, कॅल्क्युलेटरवर स्वतः एकदा बडवलं, आणि म्हणाले राहू दे, २:२:१ च करा.

अण्णांनी विचारलं की मग माझ्यातले थोडे याला देऊ का, याला वाईट नको वाटायला. म्हणलं द्यायचे तर खुशाल द्या, पण तो तुमचा भावाभावांचा व्यवहार, डीडमधे गुडविल म्हणून दाखवू नका. बापू नको म्हणाले. पण लगेच पुढचं पान उघडून जनरल रिझर्व्हचे दीड लाख दाखवले, "हे पण सगळे अण्णालाच का?" नाही, ते जुन्या नफ्यातून साठलेले, भाच्याच्या आधीचे, ते जुन्याच रेशोनं वाटायचे, ९० आणि ६०. "हां, मग माझे साठ हजार आधी लिहा," म्हणाले, आणि मी ती एन्ट्री टाकेपर्यंत खुर्चीतून उठले नाहीत.