अ-३, ब-१, क-४, ड-२

दुपारी जेवणं आटोपल्यावर पुतणी मोबाईल घेऊन ओसरीत आली. तलाठी भरतीचा अभ्यास चालू आहे तिचा. "काकाजी, हे पाहा बरं, यात काहीच नाही." पाहिलं. प्रश्न होता, 'खालील जोड्या जुळवा.' खाली पांढरी जागा आणि त्याखाली चार पर्याय. दोन्ही गट चित्रात होते, आणि फाईल हलकी करताना कोणीतरी चित्रंच काढून टाकली होती.

पर्याय मात्र शाबूत होते. पहिला: अ-३, ब-१, क-४, ड-२. दुसरा: अ-३, ब-४, क-१, ड-२. तिसरा: अ-१, ब-३, क-४, ड-२. चौथा: अ-३, ब-१, क-२, ड-४.

मी म्हटलं, "उत्तर पहिला." तिनं उत्तरतालिका पाहिली. पहिलाच. पोरगी माझ्याकडे बघतच राहिली.

यात जादू कायची! पेपर काढणारा माणूस आधी बरोबर जोडी लिहितो आणि मग कंटाळ्यानं त्यातल्याच दोन दोन जागांची अदलाबदल करून चुकीचे पर्याय बनवतो. दुसऱ्यात ब आणि क बदलले, तिसऱ्यात अ आणि ब, चौथ्यात क आणि ड. त्यामुळे अ-३ तीनदा दिसतं, ड-२ तीनदा, ब-१ आणि क-४ दोन-दोनदा. जास्त वेळा येणाऱ्या चारही जोड्या ज्या पर्यायात एकत्र सापडतात, तो बहुतेक वेळा बरोबर. पेपर काढणारा हुशार असला तर मात्र प्रत्येक जोडी सारख्याच वेळा येईल अशी मांडणी करतो. मग ही युक्ती कामाची नाही, तिथं मुकाट्यानं इतिहास यावा लागतो.

आमच्या शाळेत असले पर्याय नव्हते. गुरुजी फळ्यावर डावीकडे अ गट, उजवीकडे ब गट काढायचे आणि आम्ही पट्टीनं रेघा ओढायचो. चार नावांच्या चोवीस तऱ्हेनं जोड्या लागू शकतात. एक पक्की माहीत असली की सहा उरतात, दोन असल्या की दोनच, आणि तिसरी लागली की चौथी फुकटात. ही चौथी जोडी मला लहानपणापासून आवडत आली आहे. अभ्यास न करता मिळालेला एक गुण, त्याची चवच वेगळी. शेजारचा तर शेवटची रेघ आधी ओढायचा आणि बाकीच्या तिला चुकवत काढायचा.

पुतणीला मात्र चैन पडेना. "पण गटात होतं काय, काकाजी?" आता आली पंचाईत. प्रश्नावर 'तह' एवढं शीर्षक होतं, म्हणून मीच दोन गट रचून दिले. अ गटात पुरंदर, वसई, देवगाव, सुर्जी-अंजनगाव. ब गटात १ दुसरा बाजीराव, २ दौलतराव शिंदे, ३ मिर्झाराजे जयसिंग, ४ रघूजी भोसले. बसलं की नाही बरोबर? अर्थात मूळ प्रश्न हाच असेल असं कोण सांगणार! पुरंदरचेच दोन तह आहेत, एक १६६५ चा शिवाजी महाराज आणि जयसिंगाचा, दुसरा १७७६ चा पेशवे आणि इंग्रजांचा. वर्षं विचारली असती तर माझा डाव तिथंच फसला असता. देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव तर दोन्ही डिसेंबर १८०३ चे. देवगावचा १७ तारखेला, सुर्जी-अंजनगावचा ३० ला. नुसतं साल देऊन त्यांची जोडी लागतच नाही, म्हणून पेपरवाले तिथं हटकून माणसांची नावं देतात.

"अंजनगाव म्हणजे आपलंच? आपण एसटीनं जातो ते?" पुतणीनं विचारलं. तेच. इंग्रजांशी आडगावची लढाई २९ नोव्हेंबरला झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोन दिवसांत भोसल्यांनी देवगावच्या तहावर सही केली. तिकडे कटक गेलं, इकडे वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडाचा मुलूख गेला, आणि तो इंग्रजांनी निजामाला देऊन टाकला.

पोरीनं वहीत लिहिलं: देवगाव, १८०३, रघूजी भोसले. मग थोडं थांबून म्हणाली, "आपलं गावही वर्धेच्या पश्चिमेलाच आहे ना?"

आहे. आमच्या पणज्याच्या पणज्याला कोणी विचारलं असेल असं वाटत नाही.