भरीत वांग्याचं बियाणं – या हिवाळ्याचा अपडेट

मंडळी, मागच्या वेळी रोपं लावली तिथपर्यंत लिहिलं होतं. आता झाडांवर फळं पिवळी पडायला लागलीत, म्हणजे बियाण्याचं काम सुरू झालं.

बी यावल तालुक्यातल्या एका आजींकडचं आहे, गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनी नको म्हटलंय (त्याबद्दल खाली). फळ हिरवट, त्यावर पांढऱ्या रेघा, आपलं नेहमीचं भरिताचं वांगं. आजी मात्र रंगरूप बघून झाड निवडतच नाहीत. पहिल्या तोड्याला प्रत्येक चांगल्या झाडाचं एकेक फळ पऱ्हाट्यांवर भाजतात, साल एका ओढीत निघाली, आत बी कमी आणि गर चिकट लागला की त्या झाडाला चिंधी बांधायची आणि मग त्याची पुढची फळं कोणी तोडायची नाहीत. यात एक गोची आहे, बी कमी असलेलं झाडच निवडायचं म्हटल्यावर बियाणं हाती थोडंच येतं, म्हणून आजी एकाच झाडावर न थांबता आठ-दहा झाडांना चिंधी बांधतात. एका झाडाचं बी घेतलं तर पुढे वाणातला वेगळेपणा आटत जातो, ते कारण वेगळं, पण काम एकच होतं. माझ्याकडून एक भर, भाजायची फळं सारख्या वयाची घ्या, निबर फळात बी जास्त लागणारच, त्यात झाडाचा दोष नाही.

आता भेसळीचं. वांगं बहुतेक स्वतःच्याच परागावर धरतं पण मधमाश्या-भुंगे थोडंफार दुसरीकडचं आणतातच, आणि शेजारी जांभळी वांगी असतील तर घोळ होतो. अडचण अशी की यंदाच्या फळावर काहीच दिसत नाही, फळ आईसारखंच येतं, भेसळ बियात असते आणि पुढच्या वर्षी जांभळी झाक किंवा जास्तीचे काटे घेऊन बाहेर पडते. म्हणून मी चिंधीवाल्या झाडांवर उद्या उमलणार अशा कळ्यांना आदल्या संध्याकाळी मलमलची छोटी पिशवी बांधतो, सकाळी फूल हलकं हलवतो, फळ धरलं की पिशवी काढून देठाला दोरा बांधतो. बारीक बोकड्या पानांचं झाड दिसलं की उपटून टाका, तो रोग तुडतुडे पसरवतात, त्या झाडाचं बी घ्यायचं नाही.

फळ पूर्ण पिवळं, निस्तेज झालं की तोडून आठवडाभर सावलीत ठेवा, मग चिरून पाण्यात कुस्करा, भरीव बी खाली बसतं, पोचट वर तरंगतं. ते ओतून द्या, उरलेलं ताटात पातळ पसरून सावलीत वाळवा. पेपरवर वाळवू नका, चिकटतं.

आणि लिहिण्याचं काम. आजींकडे आधी एक अभ्यासक येऊन गेलेले, फॉर्ममध्ये लांबी, वजन, रंग भरलं, बी नेलं, परत कोणी आलं नाही. चिंधी आणि भाजण्याला त्यात कॉलमच नव्हता, म्हणजे खरी निवड कागदावर आलीच नाही! म्हणून मी प्रश्नांची यादी बाजूला ठेवली, तोड्याला सोबत गेलो, आणि परवानगी एकदाच ढोबळ न घेता वेगवेगळी विचारली: आवाज रेकॉर्ड करू का, फोटो, नाव, गाव, बी इतरांना देऊ का. आवाजाला हो, नावगावाला नाही, बी "मले इचारल्याशिवाय नको". लिहिलेलं वाचून दाखवल्यावर त्यांनी एक परिच्छेद काढायला लावला, कारण ती माहिती त्यांच्या जावेकडून आलेली, तिला विचारायला हवं होतं म्हणे. बरोबरच आहे, बियाणं एकट्याचं नसतंच ना.

कायद्याचं थोडक्यात, कारण लोक गोंधळतात. जळगाव भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते नाव आणि प्रदेशाला, आजींच्या डब्यातल्या बियाला नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याला बी राखायचा, बदलायचा, विकायचाही हक्क आहे, फक्त ब्रँड लावून विकता येत नाही, आणि आपला वाण शेतकरी-वाण म्हणून नोंदवताही येतो. गावच्या जैवविविधता नोंदवहीत लिहायचं तर आधी समितीशी आणि आजींशी बोला, कारण एकदा उघड झालेली माहिती परत झाकता येत नाही.

पुढचं काम उगवण बघायची, ओल्या फडक्यात शंभर बिया, उगवल्या त्या मोजायच्या. आकडा आधी आजींना सांगेन, मग इथे, आणि बी मागणाऱ्यांनो, उत्तर त्यांच्याकडूनच येईल तेव्हा डीएममध्ये घाई करू नका.