पॅनोरामाच्या तळाची फरशी: ट्रायपॉड, पाय आणि सावली काढताना

गोलाकार पॅनोरामा पाहणारा माणूस थोडा वेळ आजूबाजूला फिरतो आणि मग हमखास खाली पाहतो. तिथे ट्रायपॉडचे तीन पाय आणि एक बुटाचं टोक दिसलं की आपण त्या जागी उभे आहोत ही भावना तिथेच संपते. त्यावर गोल लोगो चिकटवायची पद्धत आहे, पण मला ती कधीच पटली नाही. जमीन होती तर जमीनच दिसायला हवी.

ही हकिगत एका मोकळ्या चौकातल्या पॅनोरामाची. खाली ३० सेंटिमीटरच्या चौकोनी फरश्या, डोक्यावर ऊन, कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर. फिशआय लेन्सने कडेने सहा फोटो आणि वर एक. ते हगिन या फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जोडून १२००० × ६००० पिक्सेलचा पॅनोरामा छान तयार झाला, फक्त खालचा भाग सोडून.

पहिला प्रयत्न मी सरळ त्या लांबट चित्रावरच केला, एका जागेची नक्कल दुसऱ्या जागी रंगवणारा क्लोन ब्रश घेऊन. दोन तास गेले. या चित्रात सगळ्यात खालची १२००० पिक्सेलची ओळ म्हणजे प्रत्यक्षात एकच बिंदू असतो, कॅमेऱ्याच्या बरोबर खालचा. त्याला नेडिर म्हणतात, आपल्या खगोलशास्त्रात अधःस्वस्तिक. ट्रायपॉडचे पाय मध्यापासून अर्ध्या मीटरवर टेकले होते, म्हणजे नेडिरपासून साधारण १८ अंशांवर. तिथेच चित्र आडवं तिप्पट ताणलेलं असतं आणि एका अंशावर सत्तावन्न पट. अशा जागी गोल ब्रशने काढलेला ठिपका प्रत्यक्ष पाहताना बारीक चिरेसारखा दिसतो, आणि फरश्यांचे सरळ सांधे लांबट चित्रात वाकडे असल्यामुळे ते हाताने जुळवणं अशक्य असतं. ते सगळं काम मी पुसून टाकलं.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. खाली पाहणारं सपाट दृश्य वेगळं काढलं. हगिनसोबत येणाऱ्या, चित्राचं प्रक्षेपण बदलणाऱ्या nona या कमांडला दोन ओळींची फाइल पुरते:

```
p f0 w3820 h3820 v90 n"TIFF_m"
i w12000 h6000 f4 v360 r0 p90 y0 n"pano.tif"
```

```
nona -o nadir nadir.pto
```

३८२० हा आकडा १२००० ला पायने भागून येतो. तेवढा चौकोन घेतला की मध्यभागी मूळ पॅनोरामाइतकाच बारकावा राहतो. ९० अंशांच्या या चौकोनात दीड मीटर उंचीवरून तीन मीटर जमीन मावते, म्हणजे एका बाजूला दहा फरश्या आणि प्रत्येक फरशी ३८२ पिक्सेलची. पॅनोरामा नीट समतल केलेला असेल आणि जमीनही समतल असेल, तर फरश्या इथे आलेखाच्या कागदासारख्या सरळ दिसतात. माझ्या चित्रात त्या तशा दिसल्या तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे काम होईल.

आता भरायला खरी जमीन हवी होती. ट्रायपॉड हलवण्यापूर्वी मी त्याच्या मधल्या दांड्याखाली फरशीवर खडूची खूण केली होती आणि ट्रायपॉड बाजूला ठेवून, दोन्ही हात लांब करून, कॅमेरा त्या खुणेवर धरून खाली एक फोटो घेतला होता. एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स हातानेच ठरवलेले, सहा फोटोंसारखेच. पाय खुणेपासून ६० सेंटिमीटर मागे राहिले, त्यामुळे ट्रायपॉडच्या पायांची जागा मोकळी मिळाली. पण घरी येऊन पाहिलं तर सावली होती तिथेच होती.

हे मला आधी सुचायला हवं होतं. कॅमेऱ्याची स्वतःची सावली त्याच्या दृश्यात नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला पडते. सूर्य क्षितिजापासून ५० अंश वर असेल तर सावली क्षितिजाच्या ५० अंश खाली, म्हणजे नेडिरपासून ४० अंशांवर. दीड मीटर उंचीवरून ते अंतर जमिनीवर सव्वा मीटर होतं. कॅमेरा त्याच बिंदूवर हातात धरला काय आणि ट्रायपॉडवर ठेवला काय, त्याची सावली जमिनीवर त्याच फरशीवर येते. शिवाय आता तिला माझ्या हातांची सावली जोडलेली होती. सावलीखालची उन्हातली फरशी हवी असेल, तर कॅमेरा त्या बिंदूवरून हटवावाच लागतो.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत गेलो आणि सगळा संच नव्याने घेतला. या वेळी खाली दोन फोटो. पहिला खुणेच्या वर कॅमेरा धरून, फक्त पायांच्या जागेसाठी. दुसरा सावलीच्या पट्ट्याला काटकोनात, मीटरभर बाजूला सरकून, पट्ट्याकडे तोंड करून. त्यात माझी आणि कॅमेऱ्याची सावली पट्ट्याला समांतर, पण मीटरभर दूर पडली आणि सव्वा मीटरचा पूर्ण पट्टा उन्हात मिळाला. हे दोन्ही फोटो लगेच घ्यायला हवेत. सूर्य चार मिनिटांत साधारण एक अंश सरकतो, आणि कडेच्या झाडाची सावली सहा फोटोंत एका सांध्यावर आणि या फोटोत पुढच्या सांध्यावर असेल तर जोड लपत नाही.

वेगळ्या जागेवरून काढलेला फोटो मूळ दृश्यावर बसतो याचं कारण जमीन सपाट आहे. एकाच सपाट पृष्ठाचे दोन सरळ रेषा जपणारे फोटो कुठूनही घेतलेले असोत, एकाच पर्स्पेक्टिव्ह बदलाने एकमेकांवर बसतात, आणि तो बदल चार बिंदूंनी पूर्ण ठरतो. म्हणून आधी दोन्ही फोटो हगिनमध्ये, मुख्य पॅनोरामातून मिळालेले लेन्सचे आकडे देऊन, फिशआयचे रेक्टिलिनियर, म्हणजे सरळ रेषा जपणारे, करून घेतले. ही पायरी घाईत केली की कडेचे सांधे किंचित कमानीसारखे राहतात, आणि ती कमान पुढे कोणत्याही ओढाताणीने सरळ होत नाही.

मग गिंप या चित्रसंपादन सॉफ्टवेअरमध्ये nona ने दिलेली nadir0000.tif उघडून त्यावर हातातला फोटो वेगळ्या लेयरवर ठेवला, अर्धवट पारदर्शक करून. हँडल ट्रान्स्फॉर्म या साधनाने फोटोतल्या फरश्यांच्या चार कोपऱ्यांवर चार हँडल ठेवायचे आणि प्रत्येक हँडल खालच्या चित्रातल्या त्याच कोपऱ्यावर ओढायचा. कोपरे एकमेकांपासून जितके दूर तितकं चांगलं. मी ट्रायपॉडच्या पायांबाहेरचे, सहा-सहा फरश्यांवरचे घेतले. फरश्या सगळ्या सारख्या असल्याने एक फरशी चुकून मोजण्याची भीती असते, त्यामुळे एखादा डाग किंवा उडालेला कोपरा ओळखीसाठी धरून ठेवावा.

चार बिंदू मात्र काही सिद्ध करत नाहीत. ते जुळवलेलेच असतात, जुळणारच. पाहायचा तो पाचवा बिंदू. पहिल्या फोटोत मी कुठलाही पाचवा कोपरा तपासला, फरक पाच-सहा पिक्सेलच्या आतच होता. दुसऱ्या फोटोत एका बाजूला तो एकदम २५ पिक्सेल निघाला, म्हणजे जमिनीवर दोन सेंटिमीटर. मी तासभर हँडल हलवत बसलो. एक कोपरा बसवला की दुसरा सुटायचा. शेवटी मूळ फोटो नीट पाहिले तेव्हा उमगलं की त्या बाजूला पाणी वाहून जायची जाळी आहे आणि तिच्याभोवतीची फरशी साधारण तीन सेंटिमीटर खाली बसवलेली आहे. सपाटपणाची अटच तिथे मोडत होती. कॅमेरा मीटरभर बाजूला असताना तीन सेंटिमीटरच्या खोलीने दोन सेंटिमीटरची चूक येते. पहिल्या फोटोत कॅमेरा खुणेपासून जेमतेम वीतभर सरकला होता, म्हणून तिथे तीच जाळी जवळजवळ जागेवर होती. तेव्हापासून माझा नियम असा की पायांसाठीचा फोटो शक्य तितका बिंदूच्या जवळून, आणि दूरचा फोटो फक्त सावलीला लागेल तेवढाच वापरायचा. वरच्या लेयरचा कोणता भाग दिसावा हे ठरवणाऱ्या मास्कमधून जाळी मी वगळली. मूळ पॅनोरामात ती स्वच्छच होती, तिला हात लावायची गरज नव्हती.

हाच नियम उंच गवत, पायऱ्या, कुंडीचा काठ यांना लागू पडतो. त्यांचा बुंधा जुळतो आणि वरचा भाग कलतो. अशा जागी ट्रायपॉडच दुसरीकडे ठेवावा.

जोड लपवण्यासाठी मास्कची कड मऊ करून फरशीच्या मधून नेली, तर तिथे बारीक धूसर पट्टा दिसला. मग मास्क सांध्यांवरून कापला, कड दोन पिक्सेलच मऊ ठेवून. सांधा आधीच गडद रेघ असतो, त्याच्या दोन बाजूंचा थोडासा फरक डोळा फरश्यांमधला फरक म्हणून सोडून देतो. फरक होताही, कारण पॅनोरामात ही जमीन लेन्सच्या कडेने आली होती आणि हातातल्या फोटोत मध्यातून. नवा भाग किंचित उजळ होता. कर्व्ह्जने तो थोडा खाली आणला.

एवढं करून तीन फरश्या उरल्या, जिथे माझा एक बूट आणि खडूची खूण होती. इथेच फक्त क्लोन वापरला, तोही फरशीच्या पटीत: नेमकं ३८२ किंवा ७६४ पिक्सेल सरकवून, म्हणजे सांधे आपोआप जुळतात. समाधान वाटलं, आणि बहिणीला दाखवलं. ती पडद्यावर खाली पाहत गोल फिरली आणि म्हणाली, “दादा, ही कोपरा उडालेली फरशी दोनदा आहे.” होतीच. मी नक्कल केलेल्या फरशीवर ती खूण होती. तिथे दुसऱ्या बाजूची, डाग नसलेली फरशी घेतली आणि तिचा पोत हीलिंग ब्रशने थोडा बदलला. नकलेचा दोष जवळून दिसत नाही, दृश्य फिरवताना दिसतो, म्हणून आता तपासणी मी फिरवूनच करतो.

परत पाठवताना सगळा चौकोन पाठवायचा नाही. फक्त बदललेला भाग ठेवून बाकी पारदर्शक केला, nadir_edit.tif म्हणून साठवला आणि उलट दिशेची फाइल चालवली:

```
p f2 w12000 h6000 v360 n"TIFF_m"
i w3820 h3820 f0 v90 r0 p-90 y0 n"nadir_edit.tif"
```

आलेलं चित्र मूळ पॅनोरामावर लेयर म्हणून ठेवलं. प्रत्येक रूपांतरात चित्र थोडं मऊ होतं, म्हणून ते फक्त नव्या जमिनीपुरतंच राहावं. पहिल्यांदा मी पूर्ण चौकोन परत बसवला होता, तेव्हा नेडिरपासून ४५ अंशांवर सभोवार एक हलकी चौकट दिसत होती, तिच्या आत फरश्यांची खरखर कमी झालेली. या वेळी सभोवार पाहिलं, मग खाली पाहिलं. दहा फरश्या, त्यांचे सांधे, उन्हात तापलेला दगड, आणि जाळीकडे जाणारा तो किंचित उतार.