‘सहमत–असहमत’ सोडून दुसऱ्या मापनीकडे जाताना: माझा अनुभव

प्रबंधासाठी मला मोजायची होती ती व्हिडिओवरून मिळणाऱ्या वैद्यकीय सल्ल्याबद्दलची लोकांची अभिवृत्ती. हाताशी एक तयार प्रश्नावली होती. त्यात वीसेक विधानं होती आणि प्रत्येकापुढे ‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ अशा पाच पायऱ्या. रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हापासून अभिवृत्ती म्हटलं की हात आपोआप तिच्याकडेच जातो. माझाही गेला. पूर्वचाचणी मात्र मी थोडी वेगळी घेतली. प्रश्नावली भरून होताच शेजारी बसून विचारायचं, “हे उत्तर देताना तुमच्या मनात काय आलं?”

एक विधान होतं, ‘व्हिडिओवर डॉक्टर घाईत असतात.’ त्यावर ‘असहमत’ असं तिघांनी उत्तर दिलं होतं. पहिल्या बाई म्हणाल्या, “उलट तिथं ते निवांत बोलतात.” दुसऱ्यांचं म्हणणं, “घाई नाही आणि निवांतपणाही नाही, जेवढ्यास तेवढं.” तिसरे म्हणाले, “घाईत असतात, पण ‘असतात’ म्हणजे नेहमीच असं कसं म्हणू?” मतं तीन निघाली आणि तिघांनाही गुण मात्र सारखेच. दोष उत्तर देणाऱ्यांचा नव्हता. सहमतीच्या प्रश्नात माणसाला आधी स्वतःचं मत ठरवावं लागतं, मग ते विधानापासून किती दूर आहे हे पाहावं लागतं आणि शेवटी त्या अंतराचं ‘सहमती’त रूपांतर करावं लागतं. विधानाच्या कोणत्या बाजूला आपण आहोत, हे सांगायला तिथं जागाच नसते.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. ‘व्हिडिओवरच्या सल्ल्याने समाधान होते’ आणि ‘पडद्यावरून बोलून समाधान होत नाही’ ही दोन्ही विधानं मुद्दाम एकमेकांपासून लांब ठेवली होती. काही जणांनी दोन्हींवर ‘सहमत’ची खूण केली होती. समोरच्याला ‘हो’ म्हणण्याकडे, विशेषतः दमल्यावर किंवा विचारणारा शिकलेला दिसला की, माणसाचा कल असतो. निम्मी विधानं उलटी लिहिली की हा कल बेरजेत कटतो, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. एकूण बेरजेत तो कटतोही. पण त्या माणसाचे गुण मधोमध येतात आणि तो ‘तटस्थ’ दिसू लागतो. शिवाय ‘नाही’ असलेलं विधान घाईत वाचताना तो ‘नाही’च निसटतो. मग घटक विश्लेषणात, म्हणजे सारखी उत्तरं मिळणाऱ्या विधानांचे गट शोधताना, उलट्या विधानांचा वेगळाच गठ्ठा तयार होतो आणि त्याला काही अर्थ आहे असं समजून माणूस नावं शोधत बसतो.

मार्गदर्शक मॅडमना हे दाखवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. “तुला विधानं मोजायचीत की सल्ला?” मला सल्ला मोजायचा होता, आणि तोही समोर बसून मिळणाऱ्या सल्ल्याशी ताडून. विधानांच्या प्रश्नावलीत ही तुलना अवघड होते, कारण ‘पडद्यावरून’ हा शब्द असलेलं विधान समोरासमोरच्या भेटीला लावताच येत नाही. ते नव्यानं लिहावं लागतं, आणि नव्यानं लिहिलं की ते दुसरंच विधान होतं.

म्हणून मी सिमँटिक डिफरन्शिअलकडे वळले. चार्ल्स ऑसगुड, जॉर्ज सूसी आणि पर्सी टॅननबॉम यांनी 1957 मध्ये ती सविस्तर मांडली. वर फक्त विषयाचं नाव असतं. खाली विरुद्ध विशेषणांच्या जोड्या आणि प्रत्येक जोडीमध्ये सात घरं. माणसानं आपल्या मतानुसार घर निवडायचं. सहमत व्हायला विधानच नसल्यामुळे ‘हो’ म्हणायची सवय इथं फारशी चालत नाही. त्याच जोड्या दुसऱ्या विषयाखाली जशाच्या तशा ठेवता येतात, आणि माझ्या कामासाठी हाच मुद्दा निर्णायक होता.

जोड्या जमवायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला. जुन्या यादीतल्या ‘जड–हलका’ किंवा ‘गोड–कडू’ सारख्या जोड्या उचलणं सोपं असतं, पण वैद्यकीय सल्ल्याला ‘जड’ म्हणजे काय, हे प्रत्येक जण आपापलं ठरवतो. त्यामुळे आधी लोकांना दोन्ही प्रकारच्या सल्ल्याबद्दल मोकळं बोलायला लावलं आणि त्यांच्या बोलण्यातली विशेषणं टिपली. मग गाळणी लावली. ‘औपचारिक–अनौपचारिक’ काढून टाकली. यातलं चांगलं टोक कोणतं, यावर लोकांत एकमत नव्हतं, त्यामुळे ती जोडी सल्ल्याचं वर्णन करत होती, पण आवडनिवड सांगत नव्हती. ‘स्वस्त–महाग’ही याच कारणानं गेली, तिथं माणूस मत न देता माहिती देतो. शेवटी मूल्यमापनाच्या पाच जोड्या उरल्या: उपयुक्त–निरुपयोगी, भरवशाचा–बेभरवशाचा, सुखद–त्रासदायक, सुरक्षित–धोक्याचा, आपुलकीचा–कोरडा. ‘वेगवान–संथ’ ही सहावी जोडी वेगळी ठेवली. ऑसगुड यांना विशेषणांमागे मूल्यमापन, सामर्थ्य आणि क्रियाशीलता असे तीन घटक वारंवार सापडले होते आणि वेग हा तिसऱ्यात मोडतो. तो आवडीच्या बेरजेत घातला असता तर ‘झटपट’ म्हणजेच ‘चांगलं’ असं मीच परस्पर ठरवून टाकलं असतं.

काही जोड्यांत चांगलं टोक डावीकडे ठेवलं, काहींत उजवीकडे, म्हणजे एकाच स्तंभात सरळ खाली खुणा करत जाणारा ओळखू येतो. गुण देताना घरांना डावीकडून 1 ते 7 आकडे द्यायचे, चांगलं टोक डावीकडे असेल तर तो आकडा 8 मधून वजा करायचा आणि मग सगळ्यांतून 4 वजा करायचे. ‘उपयुक्त’ डावीकडे होतं आणि खूण पहिल्या घरात असली, तर 8 वजा 1 म्हणजे 7, आणि 7 वजा 4 म्हणजे +3.

एका उत्तरदात्या बाईंचा कागद इथं उलगडून दाखवते. वर दिलेल्या क्रमानं व्हिडिओ सल्ल्याला त्यांचे गुण आले +3, +1, +2, 0, −2. सरासरी 0.8. समोरासमोरच्या भेटीला +3, +2, −2, +2, +2, म्हणजे 1.4. नुसत्या सरासऱ्या पाहिल्या तर भेट थोडी जास्त आवडते, इतकंच कळतं. पण दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढल्या की ‘सुखद’ आणि ‘आपुलकीचा’ या दोन जोड्यांवर त्या शून्याच्या विरुद्ध बाजूंना जातात. व्हिडिओ त्यांना सुखद पण कोरडा वाटतो, भेट आपुलकीची पण त्रासाची. असे कागद पुष्कळ निघाल्यावर पाचही जोड्यांची एकच सरासरी छापणं मला पटेना. सोयीचा अनुभव आणि नात्याचा अनुभव मी वेगवेगळे दाखवले.

मधलं घर मात्र या मापनीचं दुखणं आहे. त्या बाईंनी ‘सुरक्षित–धोक्याचा’मध्ये 0 दिला होता. विचारल्यावर म्हणाल्या, “माझी माहिती कुठं जाते ते ठाऊक नाही, म्हणून मधे.” दुसऱ्या एकानं तिथंच खूण केली होती आणि कारण दिलं, “किरकोळ आजाराला सुरक्षित, गंभीर आजाराला धोक्याचा.” एकाला मतच नव्हतं, दुसऱ्याला दोन्ही बाजूंचं ठाम मत होतं. अशा दुभंगलेल्या मतासाठी 1972 मध्ये काप्लान यांनी उपाय सुचवला होता: जोडी फोडायची, चांगली बाजू किती आणि वाईट बाजू किती हे वेगवेगळं विचारायचं. मी फक्त ही एकच जोडी फोडली आणि शेजारी ‘सांगता येत नाही’चं घर दिलं. सगळ्या फोडल्या असत्या तर कागद दुप्पट लांब झाला असता.

व्हिज्युअल अ‍ॅनलॉग स्केल, म्हणजे पायऱ्या नसलेली, हवी तिथं खूण करायची रेषा, मी वापरली ती वेगळ्या कामासाठी. व्हिडिओवरून सल्ला घेण्याआधी आणि लगेच नंतर माणसाची खात्री किती बदलते, ते पाहायचं होतं. पाच पायऱ्यांवर आधी ‘बऱ्यापैकी खात्री’ म्हणणारा नंतरही तेच म्हणतो. त्याच्यात झालेला लहान बदल पायरीच्या पोटातच राहतो. शिवाय आधी कोणती पायरी निवडली होती ती त्याला आठवते आणि तो सुसंगत दिसायला बघतो. 100 मिलिमीटरच्या साध्या रेषेवर, जिच्या टोकांना ‘अजिबात खात्री नाही’ आणि ‘पूर्ण खात्री’ एवढंच लिहिलंय, आपली खूण नेमकी कुठं होती ते आठवणं कठीण असतं.

रेषा दिसायला साधी असली तरी छपाईत दगा देते. ‘पानात बसवून छापा’ हा पर्याय चालू राहिला की ती 97 मिलिमीटरची होते. म्हणून प्रत्येक गठ्ठ्यातली रेषाच आधी पट्टीनं मोजायची. रेषा 97 ची आणि खूण 58 वर असेल, तर 58 भागिले 97 गुणिले 100, म्हणजे 59.8. पडद्यावर अडचण वेगळी. ब्राउझरमधल्या `<input type="range">` ची मूठ काही न सांगितल्यास आपोआप मध्यावर येऊन बसते. हात न लावलेला माणूस आणि विचारपूर्वक 50 देणारा माणूस मग ओळखता येत नाही, आणि बाकीच्यांच्या उत्तरांनाही ती मूठ मधे ओढते. मूठ लपवून ठेवायची आणि रेषेवर बोट टेकल्यावरच खूण उमटू द्यायची, एवढ्यानं हा प्रश्न सुटला.

101 आकडे मिळाले म्हणून माणूस तितके फरक ओळखतो असं मुळीच नाही. मधे काहीही घडलेलं नसताना काही जणांना तीच रेषा पुन्हा दिली, तर खुणा थोड्या सरकलेल्याच मिळाल्या. त्या सरकण्याच्या आतला बदल मी बदल मानला नाही. तीव्र वेदनेच्या अभ्यासात 13 मिलिमीटरचा फरक रुग्णाला जाणवण्याजोगा मानला गेलाय, आणि तो आकडा उचलायचा मोह झाला होता. पण वेदनेची रेषा आणि खात्रीची रेषा एक नव्हे. आपल्या विषयाचं सरकणं आपणच मोजावं लागतं. खुणा टोकांशी आणि मधोमध गोळा होत होत्या, म्हणून सरासरीबरोबर मध्यकही दिला.

फोनवरून मुलाखत द्यायची असलेल्यांना रेषा दाखवताच येईना, आणि ‘रेषा म्हणजे तुमची खात्री’ ही कल्पनाच काही वयस्कर मंडळींना परकी वाटली. त्यांना 0 ते 10 मधला आकडा विचारला आणि ती उत्तरं वेगळी ठेवली, रेषेच्या आकड्यांत मिसळली नाहीत.

सहमतीच्या मापनीतली तीन विधानं मात्र शेवटपर्यंत राहिली. ‘पहिली तपासणी समोरासमोरच झाली पाहिजे’ हे त्यातलं एक. हा दावा लोक खरोखरच आपसात बोलतात आणि त्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध भांडतात. तो कोणाला किती मान्य आहे, हेच तिथं विचारायचं होतं. त्याला विशेषणांची जोडी शोधत बसले असते तर प्रश्नच हरवला असता.